यादीत नसलेलं दार

त्या महिन्यात आमच्या बस डेपोत एकतीस वेळा क्लच बिघडला होता, आणि मुख्यालयाच्या अहवालात मात्र क्लचचं नावही नव्हतं. त्याचं कारण मीच होते असं साहेबांचं म्हणणं पडलं. साहेब म्हणजे आमचे डेपो मॅनेजर. वाईट माणूस नाही, पण कुठल्याही कागदावर सही करण्याआधी तो कागद उन्हाकडे धरून बघतात, जणू नोटच आहे.

माझं काम सांगते. ड्यूटी संपली की प्रत्येक ड्रायव्हर एक कागद भरतो. बस नंबर, किती वाजता पोचायची होती, किती वाजता पोचली, उशिराचं कारण काय, गाडीत बिघाड काय. हे कागद दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर येतात आणि मी संध्याकाळपर्यंत ते संगणकात भरते. मी डेटा एंट्री ऑपरेटर, कंत्राटी. माझ्या डोक्यावर भिंतीला एक पाटी आहे: ‘जसे लिहिले आहे तसेच टाइप करावे.’ आता ड्रायव्हर लोक आठ तास स्टिअरिंग फिरवून आल्यावर बोनेटवर कागद ठेवून जे लिहितात ते वाचायला देवाचेच डोळे पाहिजेत. कुणी क्लच लिहितो, कुणी कल्च, कुणी किलच, कुणी क्लज. आणि खोटं कशाला बोलू, दोन-तीन प्रकार माझ्याही बोटांचे होते. दुपारी तीननंतर माझी बोटं स्वतंत्र होतात.

पण संगणक बिचारा सरळ मनाचा. त्याच्या लेखी क्लच वेगळा, कल्च वेगळा. एकतीस बिघाडांचे त्याने नऊ ढीग केले होते. सगळ्यात मोठा ढीग सातचा. आणि मुख्यालयाचा नियम असा की महिन्यात एखादं कारण वीसच्या वर गेलं तरच त्यावर उपाय पाठवायचा. त्यामुळे क्लच प्लेटा येत नव्हत्या, आणि आमचे हेड मिस्त्री जुन्याच प्लेटा घासून घासून बसवत होते. रोज माझ्या खिडकीशी येऊन म्हणायचे, “बाई, तुमच्या शुद्धलेखनापायी माझी कंबर मोडली.”

मला राग आला. राग आला की मी एक तर भांडी घासते नाही तर पत्र लिहिते. ऑफिसात भांडी नव्हती.

‘माननीय डेपो मॅनेजर यांस,’ मी लिहिलं. ‘रोजच्या नोंदीत एकाच बिघाडाची नऊ-नऊ रूपे होत असल्याने बेरीज चुकते. तरी बिघाड आणि उशिराचे कारण या दोन रकान्यांत हाताने टाइप करण्याऐवजी ठरलेली यादी, म्हणजे ड्रॉपडाउन द्यावा, जेणेकरून ऑपरेटरला फक्त निवड करावी लागेल. यादी वेगळ्या पानावर ठेवावी, म्हणजे ती एकाच ठिकाणी बदलता येईल. पहिली ओळ कोरी असावी, नाही तर घाईत पहिलेच कारण निवडले जाते. शेवटी “इतर” असा पर्याय असावा आणि त्यापुढे चार शब्द लिहायला जागा असावी. “इतर”मध्ये जे वारंवार येईल ते दर महिन्याला यादीत घ्यावे. जुन्या नोंदी सुधारण्यासाठी कुठले रूप कुठल्या शब्दात मोडते याचा तक्ता मी करून देईन.’

चांगलं पत्र होतं. अजूनही मी म्हणेन, चांगलं पत्र होतं.

साहेबांनी ते उन्हाकडे धरलं आणि मुख्यालयाला पाठवलं. तिथे आकडेवारी विभागाचे एक अधिकारी आहेत. सगळे त्यांना आकडेसाहेब म्हणतात, तोंडावरसुद्धा. त्यांनी पत्र डोक्यावर घेतलं. समिती नेमली. समितीने तीन महिने यादी केली. आमच्या डेपोतल्या प्रत्येकाला यादीत आपली एक ओळ हवी होती. टायरवाल्याला टायरच्या चौदा ओळी हव्या होत्या. साहेबांना ‘बिघाड नाही’ ही ओळ सगळ्यात वर हवी होती. शेवटी बिघाडाच्या चाळीस ओळी ठरल्या आणि उशिराच्या पाच: वाहतूक कोंडी, पाऊस, रस्त्याचे काम, प्रवाशांची गर्दी, चालकाची चूक.

कोरी ओळ नव्हती. ‘इतर’ही नव्हतं.

मी फोन केला. आकडेसाहेब म्हणाले, “बाई, ‘इतर’ ठेवलं की सगळे ‘इतर’च निवडतात. मग यादी कशाला केली? आणि रकाना कोरा ठेवायची मुभा दिली की कोरेच येतात. माणसाचा स्वभाव आहे.”

“पण साहेब, यादीत नसलेलं काही झालं तर?”

“समितीने तीन महिने विचार केलाय,” ते म्हणाले. “काय राहिलं असणार?”

पहिल्या महिन्यात मात्र चमत्कार झाला. क्लच परत एकतीस वेळा बिघडला होता, पण या वेळी सगळाच्या सगळा एका ओळीत आला, वीसच्या वर गेला, आणि ट्रक भरून प्लेटा आल्या. मिस्त्रींनी माझ्या टेबलावर स्वतःच्या हाताने चहा आणून ठेवला. साहेबांनी माझं पत्र काचेखाली ठेवलं. घरी सासूबाईंनी शेजारणीला सांगितलं की आमच्या सुनेने बस कंपनी सुधारली. मी हवेत होते.

आता माझ्या नवऱ्याबद्दल. हा माणूस त्याच डेपोत ड्रायव्हर आहे. एकोणीस वर्षं. एकोणीस वर्षांत एक ओरखडा नाही, एक शेरा नाही. घरात साधी खुर्ची मागे सरकवताना आधी वळून बघतो. सासूबाई म्हणतात, लहानपणी हा पाळण्यातून उतरतानासुद्धा मागे बघायचा. गाडी चालवणं हे त्याचं काम नाही, तोच त्याचा स्वभाव आहे. स्टिअरिंग काढून घेतलं तर त्या माणसात बाकी काय उरेल हे मला खरंच माहीत नाही.

यादी लागू झाल्याच्या दुसऱ्या महिन्यात तो घरी आला आणि जेवताना म्हणाला, “डावीकडे वळताना दार उघडतं.”

“कुणाचं?”

“बसचं. पुढचं. आपोआप. पेट्रोल पंपापाशी वळलो, फुस्स करून उघडलं. पाणीटाकीपाशी वळलो, परत उघडलं. एका आजोबांची काठी बाहेर पडली. आजोबा थोडक्यात वाचले.”

दुसऱ्या दिवशी त्याचा कागद माझ्यासमोर आला. सुंदर अक्षरात: ‘डावीकडे वळताना पुढचे दार उघडते.’ मी यादी उघडली. ‘दार: उघडत नाही.’ ‘दार: बंद होत नाही.’ दाराच्या एवढ्याच दोन ओळी. वळताना उघडणाऱ्या दाराची ओळ नव्हती. हाताने टाइप करून बघितलं, तर संगणकाने लाल चौकट दाखवली: ‘कृपया यादीतील पर्याय निवडा.’

मी ‘बंद होत नाही’ निवडलं. मिस्त्रींनी गाडी वर्कशॉपातल्या तपासणीच्या खड्ड्यावर घेतली, बटण दाबलं, दार उघडलं. परत दाबलं, दार बंद झालं. दहा वेळा केलं. मग लिहून दिलं: ‘तपासले. दोष नाही.’

“अहो मिस्त्री, वळताना उघडतं,” मी म्हटलं.

“बाई, तीच गाडी संध्याकाळनंतर दुसरे दोन ड्रायव्हर चालवतात. त्यांना विचारलं. त्यांच्या हाती कधीच उघडलं नाही. तुमच्याच ह्यांच्या हाती उघडतं.” मग जरा आवाज खाली करून म्हणाले, “माणूस दमला की होतं असं.”

मी कपाळावर हात मारला. त्यात आणखी एक नियम निघाला. तक्रार केली आणि तपासणीत दोष निघाला नाही, तर संगणक ते आपोआप ‘चालकाची चूक’मध्ये टाकतो. एकोणीस वर्षांतला पहिला शेरा. तिमाहीत तीन झाले की ड्रायव्हरला स्टिअरिंगवरून उतरवून फाटकावर बसवतात, गाड्यांचे नंबर लिहायला.

दुसरी बस मागावी, तर बदली गाडी फक्त नोंद झालेल्या बिघाडावर मिळते. बस काढायलाच नकार द्यावा, तर तीही चालकाचीच चूक. तिसऱ्या दिवशी नवऱ्याने उपाय काढला. डावीकडे वळायचंच नाही.

हे ऐकायला सोपं वाटतं. त्याच्या मार्गावर डावी वळणं दोनच. पण डावीकडे न वळता डावीकडे जायचं, तर चौक ओलांडून पुढे जायचं, मग उजवीकडे, परत उजवीकडे, परत उजवीकडे. तीन उजवी मिळून एक डावं होतं. भूमितीच्या दृष्टीने चोख. पेट्रोल पंपाच्या चौकात तो गोडाऊनला वळसा घालायचा आणि पाणीटाकीच्या चौकात मागच्या गल्लीतून धोब्याच्या दुकानासमोरून निघायचा. प्रवासी आधी ओरडले. मग त्यांना सवय झाली. मागच्या गल्लीतल्या लोकांना तर लॉटरीच लागली. त्यांच्या दारात आजवर रिक्षाही येत नव्हती, आता दिवसातून आठ वेळा बस येऊ लागली. धोब्याने दुकानासमोर बाक टाकलं. गल्लीने सह्यांचं निवेदन देऊन मुख्यालयाकडे मागणी केली की हा वळसा कायम करावा आणि वेळापत्रकात तेवढा वेळ वाढवून मिळावा.

नवऱ्याला मात्र बावीस मिनिटं उशीर व्हायला लागला. रोज.

आणि त्या उशिराचं कारण रोज मला भरायचं होतं.

मी ‘वाहतूक कोंडी’ निवडलं. परत आलं. त्याच वेळी त्याच रस्त्याने दुसऱ्या तीन बस वेळेवर गेल्याचं संगणकाने पडताळून पाहिलं होतं. ‘रस्त्याचे काम’ निवडलं, परत आलं, त्या रस्त्यावर काम चालू नव्हतं. ‘प्रवाशांची गर्दी’ निवडलं, तिकिटांच्या आकड्याशी जुळलं नाही. पाऊस निवडायचा मोह झाला. खिडकीतून बाहेर बघितलं तर रखरखीत ऊन, तीन महिने थेंब नव्हता. राहिली पाचवी ओळ. आणि अशा परत आलेल्या नोंदी आठवडाभर दुरुस्त झाल्या नाहीत, तर संगणक त्या सगळ्या मिळून एक ‘चालकाची चूक’ धरतो. तशी दुसरी झाली.

तिसरा आठवडा संपत आला. माझ्या टेबलावर माझ्या नवऱ्याचे सहा कागद, सहाही ठिकाणी बावीस मिनिटं. शनिवारी पाचच्या आत कारण भरायचं होतं. भरलं तरी तिसरा शेरा, नाही भरलं तरी तिसरा शेरा. हे मी केलं होतं. मुख्यालयाने नाही, मिस्त्रींनी नाही. मीच त्या माणसाला यादीत कोंडलं होतं, आणि वर चहाही प्यायले होते.

मी साहेबांकडे गेले. “साहेब, यादीत दाराची एक ओळ वाढवा.”

“त्याला समिती बसवावी लागेल.”

“किती दिवस?”

“मागच्या वेळेला तीन महिने लागले.” त्यांनी काचेखालच्या माझ्या पत्राकडे बोट दाखवलं. “बाई, तुमचंच पत्र आहे.”

मग मी दुसरं पत्र लिहिलं. पहिल्यापेक्षा लहान. ‘उशिराच्या कारणांच्या यादीत “ऑपरेटरची चूक” हा पर्याय नाही. नोंदी भरताना ऑपरेटरकडून होणाऱ्या चुकांची जबाबदारी निश्चित होण्यासाठी तो तातडीने समाविष्ट करावा.’

साहेबांनी या वेळी कागद उन्हाकडे धरला नाही. एकदा वाचला, माझ्याकडे बघितलं, परत वाचला आणि सही केली. दुपारी मुख्यालयाला पाठवला. तीन महिने चालणारी समिती दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला बसली आणि पावणेबाराला उठली. आकडेसाहेबांनी स्वतः फोन केला. “बाई, असा प्रामाणिकपणा बघितला नाही. सगळ्या सदस्यांनी एकमताने मंजूर केलं. एक म्हणाले, ही तर पहिल्या दिवसापासून हवी होती.”

शनिवारी चार वाजता मी सहा कागदांपुढे बसले आणि सहा वेळा सहावी ओळ निवडली. ऑपरेटरची चूक. संगणकाने एकही परत पाठवली नाही. पडताळून बघायला त्याच्याकडे काही नव्हतं. आणि मला वाटतं, त्या वर्षात मी भरलेल्या सगळ्या नोंदींत तेवढ्याच सहा पूर्ण खऱ्या होत्या.

संध्याकाळी घरी नवऱ्याला कळलं. मिस्त्रींनी सांगितलं असणार. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला, टोपी हातात.

“तू अंगावर कशाला घेतलंस?”

“यादी कुणाची?”

“यादी समितीची.”

“पत्र माझं.”

“दार तर बसचं आहे ना!” तो इतक्या मोठ्याने बोलला की सासूबाई टीव्ही बंद करून आल्या. एकोणीस वर्षांत हा माणूस हॉर्नसुद्धा मोठा वाजवत नाही.

“तुम्हाला फाटकावर बसलेलं मला बघवणार नाही,” मी म्हटलं. “बस, एवढंच. आता हात धुऊन या.”

तो हात धुवायला गेला. नळ बराच वेळ वाहत होता. सासूबाई म्हणाल्या, “त्याला जरा वेळ दे. लहानपणी कुणी त्याच्यासाठी मार खाल्ला की असाच नळ सोडून उभा राहायचा.”

पण गोष्ट एवढ्यावर थांबली नाही. सहावी ओळ डेपोत हां हां म्हणता लोकप्रिय झाली. कुणाला दुखवत नाही, कुणाला विचारत नाही, परत येत नाही. ड्रायव्हर लोक कागदावर आधीच लिहून द्यायला लागले. बस उशिरा आली, कारण: ऑपरेटरची चूक. वाटेत टायर पंक्चर झालं, ऑपरेटरची चूक. एका कंडक्टरने नातवाच्या बारशाला बस दहा मिनिटं थांबवली, ऑपरेटरची चूक. मला येता-जाता हात दाखवून म्हणायचे, “बाई, आजही तुमच्यावरच हं!” अगदी प्रेमाने. साहेब स्वतः एकदा बैठकीला उशिरा पोचले आणि वहीत सहजच तेच लिहून गेले.

महिनाअखेर आकडा आला: चौसष्ट. क्लचच्या दुपटीच्याही वर.

आणि वीसच्या वर गेलेल्या कारणावर मुख्यालय उपाय पाठवतं, हे मी विसरलेच होते.

साहेबांनी मला बोलावलं तेव्हा ते खिडकीकडे तोंड करून उभे होते. टेबलावर संगणकातून निघालेला छापील आदेश होता. आदेशाचा साचा सुट्या भागांसाठीच केलेला. रिकाम्या जागेत फक्त नाव बदललेलं. ‘वारंवार दोष देणारा भाग: ऑपरेटर. सदर भाग बदलण्यात यावा. नवीन भाग रवाना केला आहे. जुना भाग भांडारात जमा करून नव्वद दिवस जतन करावा.’

“माझा नाइलाज आहे,” साहेब म्हणाले. “निदान काढून टाका म्हटलेलं नाही. जतन करा म्हटलंय.”

सोमवारी नवीन भाग आला. चष्मेवाली, शांत, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान मुलगी. मी तिला पाटी दाखवली, कागदांचा गठ्ठा दिला, खुर्चीचं कुठलं चाक निसटतं ते सांगितलं. मग मिस्त्री मला भांडारात घेऊन गेले. जुने भाग जमा करताना प्रत्येकाला पत्र्याची चिठ्ठी बांधायचा नियम आहे. त्यांनी ती चिठ्ठी माझ्या हातात ठेवली आणि नजर चुकवून म्हणाले, “बांधली असं समजा.” भांडारपाल निवृत्त होऊन वर्ष झालं होतं, चावी मिस्त्रींच्याच खिशात असायची. ती त्यांनी टेबलावर ठेवली. “आता तुम्ही इथे आहातच, तर सामान द्या-घ्या तुम्हीच. मला खड्ड्यातून वर येऊन येऊन गुडघे राहिले नाहीत.”

तर मी घासलेल्या क्लच प्लेटांच्या मध्ये बसले. संगणक नाही. एक जाडजूड वही आणि दोऱ्याने बांधलेलं पेन.

दार अजून तसंच होतं. नवरा अजून उजवीकडेच वळत होता.

बुधवारी सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं होतं. त्या मुलाच्याच बसने निघाल्या. त्याच्या बरोबर मागची सीट धरली, कारण मुलगा गाडी चालवताना बघायला त्यांना आवडतं. बारा वाजता दोघं मायलेक भांडाराच्या खिडकीशी उभे होते. सासूबाईंच्या डोळ्यांत औषध घातलेलं, त्यामुळे त्या माझ्याऐवजी रॅककडे बघून बोलत होत्या.

“अगं, मला आता धड दिसत नाहीये, पण येताना कान शाबूत होते. हा प्रत्येक स्टॉपला बस बाजूला घेतो ना, तेव्हा बटण दाबायच्या आधीच दार उघडतं.”

“मी सवयीने दाबत असेन,” नवरा म्हणाला.

“नाही रे. ते टिकटिक वाजतं ना, डाव्या बाजूचं, ते सुरू झालं की उघडतं. चार स्टॉप मोजले मी.”

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. तसेच तिघं जाऊन उभ्या बसमध्ये चढलो. बस जागेवर, चाकं स्थिर. त्याने डावा इंडिकेटर दिला. टिक. फुस्स. दार उघडलं.

मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी डॅशबोर्डखालचं झाकण काढून डोकं आत घातलं. इंडिकेटरची वायर आणि दाराच्या बटणाची वायर एकमेकींना घासून घासून सोललेल्या. इंडिकेटर दिला की वीज दाराकडे पळत होती. वळण्याचा काही संबंध नव्हता.

“मग बाकीच्या दोघांच्या हाती का नाही उघडलं?” मी विचारलं.

मिस्त्रींनी हातातलं झाकण खाली ठेवलं. “बाई,” ते म्हणाले, “या डेपोत वळताना इंडिकेटर देतो कोण? स्टॉपला घेताना तर सोडाच. यांच्याशिवाय कुणी नाही.”

नवरा सीटवर बसून राहिला होता. इंडिकेटर अजून चालूच होता. एकोणीस वर्षं प्रत्येक वळणावर नियमाने दिला म्हणून त्या माणसाला दोन शेरे मिळाले होते, आणि त्याला अजून तो बंद करावा की नाही हे कळत नव्हतं. मी पुढे होऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. डेपोत, दिवसाढवळ्या, मिस्त्रींसमोर. मला अजिबात लाज वाटली नाही.

इलाज काय, तर वायरींना टेप गुंडाळायची. पाच मिनिटांचं काम. पण वर्कशॉपात टेप नव्हती. टेप भांडारात. आणि भांडारातून सामान घ्यायला बिघाडाची नोंद लागते, आणि बिघाड यादीत नव्हता.

“आता?” मिस्त्री म्हणाले.

“आता खिडकीशी या,” मी म्हटलं.

नवरा स्वतः आला. खिडकीबाहेर सरळ उभा राहून, अनोळखी माणसासारखा म्हणाला, “एक इन्सुलेशन टेप.”

मी वही उघडली. तारीख, बस नंबर, वस्तू, नग. शेवटचा रकाना हातभर रुंद: कारण. त्यात ना बाण, ना यादी, ना लाल चौकट.

“कारण?” मी विचारलं.

“डावीकडे वळताना दार उघडतं.”

मी लिहिलं. ‘डावीकडे वळताना दार उघडतं. कारण ड्रायव्हर इंडिकेटर देतो. बाकीचे देत नाहीत. एकोणीस वर्षांत त्याची एकही चूक नाही.’ रकाना भरला, मजकूर समासात गेला, तरी लिहिलं. पेनाचा दोरा पुरेना, मग वही पेनाकडे ओढली. त्याने वाचलं, सही केली, टेप घेतली आणि बसकडे गेला. खिडकीवर त्याची टोपी राहिली होती. सासूबाई तेवढी घेऊन त्याच्यामागे गेल्या.

त्या दुपारी पाणीटाकीच्या चौकात बस डावीकडे वळली. इंडिकेटर देऊन. दार बंदच राहिलं. धोबी बाकापाशी वाट बघत उभा होता, तो शिव्या देत राहिला म्हणे.

दुसऱ्या दिवशी भांडारातला फोन वाजला. चष्मेवाली मुलगी होती. आवाज रडकुंडीला आलेला.

“ताई, तुमच्या मिस्टरांची बस. मुख्यालयाने परवापासून त्या गल्लीच्या निवेदनावरून वळशासाठी बावीस मिनिटं वाढवून दिली होती ना? आणि काल ती वळसा न घेताच आली. बावीस मिनिटं लवकर.”

“मग चांगलं आहे की.”

“चांगलं आहे, पण संगणक कारण मागतोय. वेळेत फरक पडला की मागतोच, लवकर आली तरी. इतकी वर्षं इथे कुठलीच बस लवकर आली नव्हती, म्हणून कुणाला माहीतच नव्हतं. कोरं सोडू देत नाही. सहाच ओळी आहेत, ताई. काय निवडू?”

खिडकीबाहेर नवरा बस काढत होता. फाटकाशी पोचायच्या आधीच त्याने इंडिकेटर दिला, समोर चिटपाखरू नसताना.

“शेवटची ओळ निवड,” मी म्हटलं. “ऑपरेटरची चूक.”